मोठ्या फाइल्स अटॅच करणं सोडून लिंक पाठवायला लागले, त्याला आता वर्ष होत आलं: वापरानंतरचा अनुभव

लिंक पाठवणं मला मुळात आवडायचं नाही. फाइल अटॅच केली, समोरच्याला मिळाली, त्याने उतरवून घेतली, विषय संपला, एवढं सरळ काम असताना मध्ये ती गूगल ड्राइव्ह कशाला. माझं काम अहवाल आणि पुस्तकांच्या मांडणीचं आहे त्यामुळे पीडीएफ जड असतातच, पण वर्षानुवर्षं अटॅचमेंटवर निभावलं होतं. मग एका ऑफिसने माझा मेल परत पाठवला आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

त्यांचा नियम होता की 10 एमबीच्या आत पाठवा. माझी फाइल 8.2 एमबी. पाठवली की लगेच परत. फोन केला तर तिथले आयटीवाले म्हणाले, मॅडम तुमची फाइल 11 एमबीची आहे. मी म्हटलं अहो इथे समोर 8.2 दिसतंय. ते म्हणाले आमच्याकडे 11 दिसतंय. असा वाद बराच वेळ चालला आणि गंमत म्हणजे आमचं दोघांचंही बरोबर होतं! फक्त त्यांना ते समजावता येत नव्हतं. परत आलेल्या मेलच्या तळाशी, जिथपर्यंत कोणी वाचत जात नाही, तिथे हे होतं:

```
message size 11236480 exceeds size limit 10240000 of server
```

हे असं का, ते शोधून काढलं आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात हाच विषय बसलाय, घरचे कंटाळलेत ऐकून. ईमेल मूळचा साध्या मजकुरासाठी बनला, पीडीएफ किंवा फोटोतले कच्चे बाइट्स त्यातून धड जातील याची खात्री नसायची. म्हणून अटॅचमेंट पाठवताना तिचं अक्षरांत रूपांतर करतात, त्याला बेस-64 म्हणतात. दर 3 बाइट्सची 4 अक्षरं होतात. वर दर 76 अक्षरांनंतर ओळ मोडतात, त्याची 2 न दिसणारी चिन्हं वेगळी. म्हणजे फाइल साधारण 37 टक्के फुगते. माझे 82 लाख बाइट्स, त्याचे झाले 1 कोटी 12 लाख, आणि त्यांच्या सर्व्हरची मर्यादा 1 कोटी 2 लाख 40 हजार. हा 10240000 आकडा पोस्टफिक्स नावाच्या मेल सर्व्हरचा आयता येणारा आकडा आहे, बसवणाऱ्याने बदलला नाही तर तोच राहतो. उलटं गणित केलं तर अशा ठिकाणी खरोखर जाऊ शकणारी फाइल 74 लाख बाइट्सच्या आसपास, म्हणजे 7.4 एमबी. मग "10 एमबी चालेल" असं लोकांना सांगता कशाला? 7 सांगा ना. सगळ्यांचा वेळ वाचेल.

सगळीकडे असं नाही हेही सांगते. जीमेलमध्ये 25 एमबी म्हणजे मूळ फाइलचे 25 एमबी. तुमचा मेल बाहेर पाठवण्यासाठी घेणारा त्यांचा सर्व्हर स्वतःची मर्यादा `SIZE 35882577` अशी सांगतो, आणि 25 एमबीला हीच फुगवटी लावून बघा, जवळजवळ हाच आकडा येतो, वर दहा हजार बाइट्स जास्तीचे. म्हणजे फुगवटीचा हिशोब त्यांनी आधीच धरलाय, वापरणाऱ्याच्या माथी मारला नाही. पण त्याचा उपयोग अर्धाच, कारण तुमच्याकडून 25 सुटले तरी समोरच्याचं दार 10 चं असेल तर मेल तिथे अडणारच. दोघांत जी लहान ती खरी मर्यादा, आणि समोरच्याची तुम्हाला आधी दिसत नाही.

परत आलेला मेल वाचायला शिकले हा यातला खरा फायदा. त्यात तीन भागांचा एक कोड असतो. `5.3.4` किंवा `5.2.3` असेल तर मेल मोठा झालाय, तीच फाइल पुन्हा पाठवण्यात अर्थ नाही, लिंक द्या. `5.2.2` असेल तर समोरच्याची पेटी भरलीये, तिथे फाइल कितीही लहान करा, मेल जाणार नाही, त्यांना फोन करून जागा रिकामी करायला सांगायचं. लोक दोन्हीत तेच करतात, फाइल झिप करून परत पाठवतात. पीडीएफमधली चित्रं आधीच दाबलेली असतात, झिप करून जेमतेम काही टक्के सुटतात. आमच्या ओळखीत एक जण अजून झिपच करतात आणि अजून मेल परत येतातच.

तर मग लिंक सुरू केली. पहिले काही आठवडे जाम वैताग. फाइल ड्राइव्हवर चढवायची, लिंक काढायची, मेलमध्ये टाकायची, आणि मग समोरून उत्तर की "उघडत नाही, परवानगी मागतंय". नवी फाइल आपल्यापुरतीच बंद असते, ते ठीकच आहे म्हणा, नाहीतर कोणाच्या काय काय फाइली बाहेर पडतील. पण लिंक कॉपी केली म्हणजे फाइल उघडी झाली असं होत नाही, ते दोन वेगळे प्रकार आहेत. गूगल ड्राइव्हवर `Restricted` असेल तर ज्यांचं नाव तुम्ही घातलंय तेच उघडू शकतात. त्यातही तुम्ही ऑफिसचा पत्ता घातलेला आणि माणूस ब्राउझरमध्ये स्वतःच्या खासगी खात्याने शिरलेला, की झालं, दार बंद. त्याला कळतच नाही काय चुकतंय. `Anyone with the link` केलं की खात्याचा प्रश्नच राहत नाही, पण मग ती लिंक ज्याच्या हाती पडेल तो फाइल बघू शकतो. छापायच्या अहवालाला मी ते सरळ ठेवते, कोणाची वैयक्तिक माहिती असलेल्या कागदाला नाही.

आता माझी सवय अशी की लिंक काढली की आधी ब्राउझरच्या खासगी खिडकीत, म्हणजे जिथे आपण कुठल्याच खात्यात शिरलेलो नसतो तिथे, ती चिकटवून बघायची. उघडली तरच मेल पाठवायचा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे पण "परवानगी मागतंय" वाले मेल जवळजवळ बंद झाले.

इथपर्यंत माझं मत "नाइलाज म्हणून लिंक" असंच होतं. ते बदललं एका अहवालाच्या वेळी. लिंक दहा-बारा जणांना गेली होती आणि मग कळलं की अहवालातल्याच एका तक्त्यात आकडे बदललेत. अटॅचमेंट असती तर "कृपया आधीची फाइल वापरू नये" असा मेल, मग "अंतिम", "अंतिम 2", "खरंच अंतिम", आणि तरी कोणीतरी जुनीच छापायला देणार हे ठरलेलं. ड्राइव्हवर फाइलवर उजवं क्लिक करून `Manage versions` शोधलं, तिथून नवी पीडीएफ चढवली, लिंक तीच राहिली. ज्यांनी अजून उघडली नव्हती त्यांना थेट नवी दिसली. मी खुर्चीतच टाळी वाजवली! जुनी आवृत्ती मागे राहते पण कायमची नाही, 30 दिवसांनी किंवा 100 आवृत्त्या झाल्या की जाऊ शकते, ठेवायची असेल तर तसं त्या आवृत्तीला सांगून ठेवावं लागतं. नवी फाइल वेगळी चढवून जुनी उडवली तर मात्र लिंक बदलते आणि आधीची मरते, हा फरक कळला नाही तर या सोयीचा काही उपयोग नाही.

याचीच दुसरी बाजू म्हणजे बिल, करार, सही केलेली पत्रं मी अजून अटॅचच करते आणि करत राहणार. आत काय होतं हे नंतर कोणी बदलू शकू नये अशी जी कागदपत्रं, ती लिंकने पाठवण्यात मला अर्थ वाटत नाही, ती लहानही असतात. लिंकमागची फाइल माझ्या हातात आहे हे मसुद्याला बरं, बिलाला वाईट.

व्हिडिओचं वेगळंच. चढवल्यावर ड्राइव्ह तो दाखवण्यासाठी तयार करायला वेळ घेते, तोवर दिसतच नाही किंवा हलक्या दर्जाचा दिसतो, आणि लोक तिथल्या तिथे बघून "क्वालिटी खराब आहे" म्हणून कळवतात. डाउनलोड केला तर मूळचाच मिळतो. हे वाक्य मी मेलमध्येच लिहून ठेवलंय आता, दरवेळी कोण समजावणार.

आता पैशांचं. फुकटची जागा 15 जीबी, आणि त्यात मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं एकत्र. मी जास्तीची जागा विकत घेणार नाही, हे तत्त्व आहे असं समजा. मोठी फाइल एकदाच माझ्या जागेत पडते, बाकीच्यांच्या पेट्यांत तिच्या प्रती जात नाहीत, हे लिंकचं कौतुक सगळे करतात. पण एक कोणी सांगत नाही की मग ती माझ्याच जागेत बसून राहते. अटॅचमेंट पाठवून मोकळं होता येतं, लिंक पाठवली की फाइल सांभाळायची जबाबदारी आपल्याकडे, कारण कचऱ्यात टाकली की 30 दिवसांनी कायमची जाते आणि कोणीतरी नेमकं त्यानंतर मागतं. जागा पूर्ण भरली तर तर आणखी मजा, मेल येणंसुद्धा थांबू शकतं.

म्हणून मी मेलमध्येच लिहायला लागले, "ही लिंक अमुक तारखेपर्यंत चालू राहील, त्याआधी उतरवून घ्यावी." ती तारीख उलटली की आधी `Restricted` करते, आठवडाभर कोणी ओरडलं नाही तर उडवते. आधी बंद करण्याचा फायदा असा की ज्याला खरंच हवी असते तो परवानगी मागतो, म्हणजे कळतं कोण झोपलेलं होतं.

आणि ते पहिलं ऑफिस? तिथे लिंक चालतच नाही, त्यांच्या नेटवर्कवर फाइल शेअर करायच्या सगळ्या साइट बंद आहेत. त्यामुळे त्यांच्यासाठी पीडीएफचे तुकडे करते, प्रत्येक 7 एमबीच्या आत, आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या मेलने, कारण मर्यादा सगळ्या मेलची मिळून असते, एकेका फाइलची नाही. विषयात "भाग 1", "भाग 2" असं. परवा त्यांनी विचारलं की एकाच मेलमध्ये का नाही पाठवत.