पॉप-अप कपलिंग आणि बॉटल ट्रॅप : आठ-नऊ महिने वापरल्यावर

बाथरूमचं काम काढलं तेव्हा बेसिनची जुनी स्टीलची जाळी आणि खाली लोंबणारा पांढरा लवचीक पाइप दोन्ही काढून टाकले. त्या जागी सव्वा इंची क्लिक-क्लॅक पॉप-अप कपलिंग आलं, म्हणजे बोटाने दाबलं की बंद आणि परत दाबलं की उघडं होणारं. खाली पितळेवर क्रोम चढवलेला बॉटल ट्रॅप बसवला, म्हणजे वाटीत थोडं पाणी धरून ठेवून गटाराचा वास अडवणारा. उन्हाळ्यापासून रोज वापरतोय आणि आता थंडी संपत आली आहे. ट्रॅपबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पॉप-अपबद्दल मात्र बरीच आहे.

घरात आम्ही चौघं. माझे आणि लेकीचे केस लांब, सासूबाई रोज सकाळी तेल लावून बेसिनच्या आरशासमोरच वेणी घालतात आणि नवरा तिथेच दाढी करतो. बेसिन तुंबायला लागतं ते सगळं सामान घरातच आहे.

पहिले दोन-तीन महिने पाणी झकास जायचं. मग दात घासून होईपर्यंत तळाशी पाणी साठायला लागलं. पुढे पुढे तोंड धुतलं की बोटाच्या पेरापर्यंत पाणी उभं राहायचं आणि हळूहळू उतरताना कडेला टूथपेस्टची पांढरी रेघ सोडून जायचं. बोलावलेल्या प्लंबरने वरूनच पाहिलं आणि सांगितलं, "ताई, भिंतीतली लाइन चोक झाली असणार. टाइल फोडून बघावं लागेल." नुकत्याच बसवलेल्या टाइल फोडायची माझी तयारी नव्हती, म्हणून आधी कपलिंग उघडलं.

आमच्या कपलिंगची गोल टोपी हाताने डावीकडे फिरवली की आट्यांवरून सुटते. हात निसरडे असतील तर रबरी हातमोजा घालायचा. टोपीखाली स्प्रिंगची छोटी नळी असते, तीही तशीच डावीकडे फिरवून निघते. ती बसते कपलिंगच्या मधोमध, तीन-चार आडव्या दांड्यांच्या आधाराने. खरी भानगड या दांड्यांची. जुन्या जाळीवर केस अडकला तर डोळ्यांना दिसायचा आणि चिमटीत धरून उचलता यायचा. इथे तो टोपीच्या कडेने आत सरकतो, स्प्रिंगच्या नळीला वेढा घालतो आणि दांडीवर लोंबकळत राहतो. वरून बघावं तर बेसिन आरशासारखं स्वच्छ. मी नळी उपसली तेव्हा तिच्याबरोबर करंगळीएवढं जाड, काळं, बुळबुळीत गुंतवळ बाहेर आलं. त्यात दाढीचे बारीक केस, साबणाचा राखाडी थर आणि टूथपेस्ट असं घट्ट बसलेलं की बोटांनी सुटेना, शेवटी जुन्या कात्रीने कापून काढलं. वास तर विचारूच नका.

लांब केस एकटा असता तर बराचसा वाहून गेला असता. त्याला धरून ठेवतो तो साबण. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचं आणि बोअरचं जड पाणी असतं. त्यातल्या कॅल्शियमशी साबणाची गाठ पडली की पाण्यात न विरघळणारा चिकट पांढरा साका होतो. आधी केसाचं जाळं तयार होतं, मग साका त्याची भोकं बुजवतो. त्यामुळे बेसिन एका दिवसात तुंबत नाही, ते आठवड्या-आठवड्याने मंदावत जातं आणि आपल्यालाही तेवढ्या हळू पाण्याची सवय होते.

नवऱ्याने त्याआधी दुकानातून ड्रेन साफ करायची पावडर आणून दोनदा ओतली होती, काही फरक पडला नव्हता. कपलिंग उघडल्यावर त्याचं कारण समोर दिसलं. या पावडरमध्ये मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो आणि तो केस विरघळवू शकतो, पण त्यासाठी केस बराच वेळ त्याच्या द्रावणात बुडालेला हवा. इथे गुंतवळ लोंबतं हवेत, ट्रॅपमधल्या पाण्याच्या पातळीच्या बरंच वर. पावडर त्याच्या अंगावरून घसरते आणि थेट ट्रॅपच्या तळाशी जाऊन बसते. पाणी कमी पडलं तर तिथे तिचा दगडासारखा गोळा होतो, आणि पुढे ट्रॅप उघडणाऱ्याच्या हातावर, तोंडावर तेच पाणी उडतं. खायचा सोडा आणि व्हिनेगरचा फेस बघायला छान वाटतो, केसाला त्याने काही होत नाही. अॅसिडने क्रोम जातं. आणि अॅसिड व ब्लीच एकापाठोपाठ ओतलं तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो, बंद बाथरूममध्ये तो खेळ अजिबात नको.

अडलंय कुठे हे ओळखायला आता मी एकच रीत वापरते आणि ती प्लंबरच्या अंदाजापेक्षा भरवशाची आहे. टोपी आणि स्प्रिंगची नळी काढून ठेवायची आणि बेसिनमध्ये मगभर पाणी एकदम ओतायचं. पाणी भोवरा करत गेलं तर सगळा दोष पॉप-अपचा होता, खाली हात लावायची गरज नाही. तरीही पाणी चढत असेल तर खाली बादली ठेवून बॉटल ट्रॅपची वाटी काढायची आणि परत मगभर पाणी सोडायचं. ते बादलीत धो धो पडलं तर कपलिंग मोकळं आहे, मग अडथळा वाटीत होता किंवा त्याच्या पुढे. वाटी धुऊन बसवल्यावरही पाणी रेंगाळलं तरच भिंतीतल्या पाइपवर किंवा नहाणी ट्रॅपवर संशय घ्यायचा. वॉशिंग मशीनचं पाणी सुटताना नहाणीच्या जाळीतून पाणी वर येत असेल तर प्रश्न बेसिनचा नाहीच, तो पुढच्या सामाईक लाइनचा. आमचं बेसिन पहिल्या मगालाच मोकळं झालं. टाइल शाबूत राहिल्या.

ट्रॅप मी तरीही उघडला, कारण वास पूर्ण गेला नव्हता. बॉटल ट्रॅपची रचना साधी आहे. वरून आलेली नळी वाटीत खोलवर बुडलेली असते, पाणी तिच्यातून खाली येतं, वाटीत भरतं आणि बाजूच्या तोंडातून भिंतीकडे जातं. वाटीत कायम राहणारं पाणी गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. आमच्या जुन्या लवचीक पाइपला असा अडसरच नव्हता, म्हणून पावसाळ्यात वास यायचा. तो या वर्षी आला नाही, आणि ट्रॅपला मी पूर्ण गुण देते ते यासाठी.

वाटी काढताना पाना लावायचा नाही, क्रोमवर दात उठतात. कोरडं फडकं गुंडाळून हातानेच फिरवायची. खालून वर बघत असाल तर घड्याळाच्या उलट दिशेला. खाली बादली हवीच, मगाने भागत नाही, कारण पुढची लाइन तुंबलेली असेल तर तिकडचं पाणीही परत येतं. आमच्या वाटीत तळाला टूथपेस्टचा खडूसारखा गाळ होता, त्यावर काळी साय आणि आत बुडालेल्या नळीच्या टोकाला केसांचं एक कडं. लेकीच्या कानातल्याची हरवलेली फिरकीही त्या गाळातच सापडली. जुना टूथब्रश आणि भांड्यांचा साबण एवढ्यावर सगळं निघालं. नळीचं टोक आतून-बाहेरून घासायचं, नाहीतर उरलेल्या दोन केसांवर पुन्हा सगळं जमतं.

बसवताना लक्ष हवं ते वाटीच्या कडेच्या चपट्या रबरी वॉशरकडे. पाणी थांबवतो तो वॉशर, आटे नव्हेत. म्हणून इथे टेफ्लॉन टेप गुंडाळायची गरज नसते. वॉशर पुसून खाचेत सपाट बसवायचा, वाटी सरळ धरून हातानेच घट्ट करायची. आटे तिरके चढले तर वाटी अर्ध्यावरच अडते, तेव्हा जोर न लावता परत सोडवायची. मग खाली टिश्यू पेपर अंथरून बेसिन काठोकाठ भरायचं आणि एकदम सोडायचं. नळ चालू ठेवून केलेल्या परीक्षेत न दिसणारं ठिबकणं या लोंढ्यात दिसतं. तासाभराने कागद पुन्हा बघायचा.

डिसेंबरात मात्र एक नवीनच गोष्ट झाली. कपलिंग साफ असूनही सकाळी पाणी रेंगाळायचं आणि दुपारी ठीक जायचं. कारण खोबरेल तेल. ते साधारण 24 अंशांखाली गोठतं आणि पुण्यात थंडीतल्या सकाळी पाणी त्याहून बरंच गार असतं. तेलकट हात बेसिनमध्ये धुतले की तेलाचा पांढरा थर वाटीत आणि पुढच्या पाइपात चिकटतो, आणि त्यावर केस. गीझरचं गरम पाणी दोन मग सोडलं की काम होतं. उकळतं पाणी नको, पीव्हीसी पाइप मऊ पडतो आणि गारठलेलं बेसिन तडकू शकतं.

मग पॉप-अप ठेवावं का? आपल्याकडे बेसिन भरून त्यात तोंड धुतं कोण? वाहत्या पाण्याखालीच सगळं चालतं. ते झाकण गेल्या आठ-नऊ महिन्यांत मुद्दाम बंद केलं ते फक्त गळती तपासायला. बाकी वेळा ते चुकून दाबलं जायचं आणि पाणी तुंबलं म्हणून हाक यायची. आता आमच्या रोजच्या बाथरूमला परत साधी स्टीलची जाळी बसवून घेतली आहे आणि पॉप-अप पाहुण्यांच्या बाथरूममध्ये गेलं आहे. तिथे केस कमी पडतात आणि ते शोभूनही दिसतं. ठेवायचंच असेल तर दर दोन-तीन आठवड्यांनी टोपी उघडा. काही टोप्या आट्यांवर थोड्या वर घेता येतात, तेवढ्यानेही फट वाढते.

विकत घेताना टोपी हाताने निघते का हे दुकानातच करून बघा, काही मॉडेलची अख्खं कपलिंग उतरवल्याशिवाय निघत नाही. बेसिनला वरच्या कडेखाली ओव्हरफ्लोचं भोक असेल तर हाफ थ्रेड, म्हणजे फक्त खालच्या भागात आटे असलेलं कपलिंग घ्या. फुल थ्रेड लावलंत तर त्या भोकातून आलेल्या पाण्याला कपलिंगमध्ये शिरायला वाट राहत नाही. भोक नसलेल्या टेबलटॉप बेसिनला फुल थ्रेडच लागतं, आणि तिथे भरलेलं पाणी सोडल्यावर सुरुवातीला गुळगुळ आवाज करत अडखळतं. खालच्या हवेला वर यायला दुसरी वाट नसते, म्हणून. तिथे केस शोधत बसू नका.