थकलेले सभासद कसे शोधायचे: शेवटच्या पावतीवरून की ‘कुठवर भरले’ यावरून?

गिरगावातल्या आमच्या छोट्या वाचनालयाची मासिक वर्गणी १०० रुपये आहे. त्याशिवाय काही सभासद यूपीआय ऑटोपेने दरमहा देणगी देतात. गळालेले सभासद शोधायचे दोन मार्ग मी खजिनदार म्हणून वापरून पाहिले आहेत.

पहिला सोपा आहे. बँकेचे स्टेटमेंट घ्यायचे, प्रत्येकाची शेवटची रक्कम कधी आली ते पाहायचे आणि तीन महिन्यांत काही आले नसेल तर नाव थकबाकीत टाकायचे. तासाभरात यादी तयार होते, पण ती दोन्ही बाजूंनी चुकते. चाळीतल्या एका काकूंनी ३ एप्रिलला सहा महिन्यांचे ६०० रुपये एकदम भरले. १० ऑगस्टच्या यादीत त्या थकलेल्या दिसल्या. दुसरे एक सभासद ठाण्याला राहायला गेले. त्यांची वर्गणी मार्चपर्यंतचीच भरलेली होती, पण २०० रुपयांची देणगी दर ५ तारखेला येत राहिली, म्हणून यादीने त्यांना चालू धरले.

ही दुसरी चूक मला जास्त गंभीर वाटते. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० च्या कलम १५ प्रमाणे वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली, तर त्या व्यक्तीला मत देता येत नाही आणि सभासद म्हणून तिची गणनाही होत नाही. देणगी कितीही नियमित असली तरी ती वर्गणी नव्हे. वार्षिक सभेची गणसंख्या मोजताना हा फरक अंगाशी येतो.

दुसऱ्या मार्गात प्रत्येकापुढे ‘कुठवर भरले’ ही तारीख ठेवायची. स्प्रेडशीटच्या B2 मध्ये वर्गणी जिथून लागू होते ती तारीख, म्हणजे १ एप्रिल, आणि C2 मध्ये वर्गणीचे ६०० असतील, तर

```
=EDATE(B2,INT(C2/100))-1
```

सेलचा फॉरमॅट तारखेचा ठेवला की ३० सप्टेंबर दाखवते. वर्गणी वाढली की हे सूत्र मोडते, म्हणून पावतीवर रकमेसोबत महिनेही लिहावेत. सुरुवातीला मेहनत पडते: पैसे मुलाच्या यूपीआयवरून आलेले असतात आणि स्टेटमेंटवर आईचे नाव कुठेच नसते. कोणत्या आयडीवरून कोणाची वर्गणी येते, हा तक्ता एकदा करावाच लागतो.

देणगीला मात्र ‘कुठवर’ लागू होत नाही. तिथे ठरलेली तारीख पाहायची. ५ ला येणारी रक्कम १२ पर्यंत आली नाही, तर लगेच फोन करावा. न आलेल्या पैशांची ओळ स्टेटमेंटमध्ये नसते, त्यामुळे अपेक्षित देणग्यांची यादी आपल्याकडेच हवी. बहुतेकदा खात्यात शिल्लक नसते किंवा मॅन्डेटची मुदत संपलेली असते. मुदत संपलेल्याला आपण थांबलो आहोत हे ठाऊकच नसते आणि तो त्याच दिवशी नवे मॅन्डेट देतो.

तीसेक सभासद असतील, सगळे महिन्याच्या महिन्याला भरत असतील आणि देणगीचे खाते वेगळे असेल, तर पहिला मार्ग चालेल. आगाऊ भरणारे किंवा देणगीदार सभासद असतील, तर मी दुसराच घेईन. नाव कमी करण्याचा ठराव मात्र संस्थेच्या घटनेप्रमाणे कार्यकारिणीनेच करायचा.