स्पीड दाखवला मोबाइल डेटाचा, पैसे घेतले वायफायचे

फायबरवाला तक्रार बघायला घरी आला आणि फोन पुढे धरून “हे बघा, स्पीड तर मस्त येतोय” म्हणाला, तर आधी त्या फोनचा मोबाइल डेटा बंद करायला सांगा आणि मग पुन्हा मोजायला लावा. आमच्या घरी नेमकं याच आडोशाने कित्येक महिने रखडवलं गेलं आणि वर बूस्टरच्या नावाखाली 2,800 रुपये उकळले. आमच्या भागात, पुण्याच्या धायरी आणि नऱ्हे पट्ट्यात, बऱ्याच सोसायट्यांत एकच स्थानिक केबलवाला फायबर देतो. तिथल्या लोकांनी तर हे जरूर वाचावं.

आम्ही वर्षाचे पैसे आगाऊ भरून कनेक्शन घेतलं. 100 एमबीपीएसचा प्लॅन होता. पहिले काही आठवडे ठीक गेले. नंतर मुलीच्या टॅबवर क्लासचा व्हिडिओ अडकायला लागला. वायफायच्या चिन्हाशेजारी बारीकसं उद्गारचिन्ह यायचं आणि खाली लिहिलेलं असायचं, “Connected, no internet”. ह्यांच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर मीटिंग मध्येच गोठायची. माझा फोन आणि ह्यांचा फोन मात्र व्यवस्थित चालायचे. एकाच घरात, एकाच राउटरवर दोन उपकरणं रडतात आणि दोन सुरळीत चालतात, हे कोडं काही सुटत नव्हतं.

तक्रार केली की एक मुलगा यायचा. नम्र, “काकू, काकू” करणारा. राउटर बंद-चालू करायचा, माझा फोन मागून घ्यायचा, वरून पडदा खाली ओढून दोन-तीन बटणं दाबायचा आणि स्पीड टेस्ट लावायचा. 180, कधी 210. “काकू, प्लॅन शंभरचा आहे, तुम्हाला दुप्पट मिळतोय. टॅब जुना झालाय तुमचा.” लॅपटॉपबद्दल म्हणायचा, “त्याचं वायफाय कार्ड वीक असणार.” मग एकदा म्हणाला की बेडरूमपर्यंत रेंज पोचत नाही, बूस्टर लावावा लागेल. बूस्टर लावला. पैसे रोख घेतले, बिल “ऑफिसमधून पाठवतो” म्हणाला. टॅब होता तसाच अडकत राहिला.

शंभरच्या प्लॅनवर 210 कसे येतील, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता असं मला लोक म्हणतात. पण कंपन्या कधीकधी सुरुवातीला जास्त स्पीड सोडतात, हे आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं, आणि तो मुलगाही तेच सांगत होता.

उलगडा झाला तो सासूबाईंच्या फोनमुळे. त्यांचा फोन फोरजीचा, पॅक दिवसाला दीड जीबीचा. त्या दिवसभर घरात, वायफायला जोडलेल्या, तरी दुपारीच “तुमचा आजचा 100% डेटा संपला” असा मेसेज यायचा. घरात सगळे त्यांनाच म्हणायचे की तुम्ही कीर्तनाचे व्हिडिओ फार बघता. वायफायवर बघितलेल्या कीर्तनाने मोबाइलचा डेटा का संपावा, हे त्यांनीच एकदा ठणकावून विचारलं. मग त्यांच्या फोनमध्ये कुठल्या ॲपने किती मोबाइल डेटा खाल्ला ते उघडून पाहिलं. यूट्यूब सगळ्यात वर होतं. म्हणजे घरात बसून, वायफायची खूण वर दिसत असताना, फोन सिमच्या डेटावर चालत होता.

माझा चुलतदीर नेटवर्कच्या कामात आहे. त्याने जे समजावलं ते असं. फोन वायफायला जोडला गेला याचा अर्थ फक्त एवढाच की फोन आणि राउटर यांचं जमलं. राउटरच्या पुढे इंटरनेट आहे का, हे फोन वेगळं तपासतो. अँड्रॉइड फोन गुपचूप गूगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर विचारणा पाठवतो आणि तिथून 204 हा कोरा होकार परत आला तरच वायफाय धडधाकट मानतो. आयफोन हेच अ‍ॅपलच्या पत्त्यावर करतो. उत्तर आलं नाही की उद्गारचिन्ह लागतं. सिम असलेला फोन त्याच क्षणी मोबाइल डेटा वापरायला लागतो आणि वायफायची जोडणी मात्र तोडत नाही. लाइन परत आली की पुन्हा वायफायवर येतो. आपण व्हिडिओ बघत असलो तर कळतसुद्धा नाही. आमच्या टॅबला आणि लॅपटॉपला सिम नाही, त्यांना पळून जायला दुसरा रस्ता नाही, म्हणून खरी अवस्था तेच दाखवतात. आमचे दोघांचे फोन फाइव्हजीचे. त्यात फाइव्हजी अनलिमिटेड, रोजच्या कोट्यातून काही वजा होत नाही, त्यामुळे आम्हाला पत्ताच लागला नाही.

शिवाय बऱ्याच फोनमध्ये याच्याही पुढची सोय असते. वायफाय पूर्ण बंद पडायची वाट न बघता, नुसतं कमजोर वाटलं तरी फोन डेटावर जातो. सॅमसंगमध्ये ती Intelligent Wi-Fi च्या पानावर Switch to mobile data या नावाने सापडते, काही कंपन्यांच्या फोनमध्ये तिला Wi-Fi assistant म्हणतात, आणि आयफोनमध्ये मोबाइल डेटाच्या पानावर अगदी तळाशी Wi-Fi Assist आहे. आयफोनवाल्यांनी तिथे जरूर बघावं, कारण या सोयीने किती डेटा वापरला तो आकडा त्याच ओळीखाली लिहिलेला असतो. सोय वाईट नाही. रस्त्यावर, जिन्यात, पार्किंगमध्ये ती कामाचीच आहे. पण घरची लाइन तपासताना ती चालू असेल तर निकालाला काडीचा अर्थ नाही.

दिराने माझा फोन विमान मोडवर टाकला आणि मग त्यातच फक्त वायफाय चालू केलं. आता फोनलाही पळवाट उरली नाही. राउटरपासून हातभर अंतरावर उभं राहून टेस्ट लावली. एकदा 9 आले, एकदा 40, आणि एकदा टेस्ट सुरूच झाली नाही. मग विंडोजच्या लॅपटॉपवर, कमांड प्रॉम्प्ट उघडून त्याने या दोन ओळी चालवल्या:

```
ping -n 50 192.168.1.1
ping -n 50 8.8.8.8
```

पहिली ओळ राउटरला हाक मारते. (राउटरचा पत्ता प्रत्येकाचा वेगळा असू शकतो, त्याच्या पाठीवरच्या लेबलवर असतो.) पन्नासच्या पन्नास उत्तरं आली, दोन-तीन मिलिसेकंदांत. बेडरूममध्ये जाऊन केलं तरी एकही हाक वाया गेली नाही. दुसरी ओळ घराबाहेर, इंटरनेटवर हाक मारते. तिथे मधूनमधून Request timed out च्या रांगा लागत होत्या. बूस्टरचा खोटेपणा इथे उघडा पडला. बूस्टर राउटरपासून आपल्यापर्यंतचा पल्ला वाढवतो. तो पल्ला आमच्या घरात आधीपासून ठणठणीत होता. दुखणं राउटरच्या पलीकडे, त्यांच्या तारेत होतं, आणि तिथे बूस्टरचा शून्य उपयोग. पहिली ओळच अडखळत असती, तर मात्र भिंती, अंतर किंवा राउटरची जागा हे कारण असू शकलं असतं.

मग राउटरच्या पानावर त्याने फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची पातळी बघितली. Rx Power असं लिहिलेलं असतं. आमच्याकडे उणे 29 डीबीएमच्या आसपास होती. घरगुती फायबरच्या डब्याला साधारण उणे 27 पर्यंतचा प्रकाश नीट वाचता येतो, त्याखाली गेलं की तो धडपडतो, जोडणी सुटते, पुन्हा लागते. फायबर कुठेतरी करकचून वाकलं असलं, जोड कच्चा असला किंवा टोकाला धूळ असली की असं होतं. लाइनवाले याला “पॉवर लो” म्हणतात आणि ती मोजायचा मीटर त्यांच्या पिशवीत असतो. आमच्याकडे येणाऱ्या मुलाने तो एकदाही बाहेर काढला नव्हता.

आता फसवणूक कुठे झाली ते सांगते, कारण “अहो, त्या पोराला कळलं नसेल” असं शेजारच्या वहिनीसुद्धा म्हणाल्या. दर तक्रारीनंतर तो स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा, “तक्रार क्लोज” असं लिहून. ते सगळे स्क्रीनशॉट मी परत काढले. टेस्टच्या निकालात ज्या कंपनीचं नेट वापरलं तिचं नाव छापलेलं असतं. प्रत्येकावर माझ्या सिमच्या कंपनीचं नाव होतं, केबलवाल्याचं एकावरही नाही. आणि माझ्या फोनचा मोबाइल डेटा तर कायम चालूच असतो. पडदा ओढून दाबलेल्या त्या दोन-तीन बटणांतलं एक वायफाय बंद करायचं होतं.

आम्ही विमान मोडमधल्या टेस्टचा व्हिडिओ आणि पिंगचे फोटो घेऊन त्यांच्या ऑफिसात गेलो. आधी तीच टेप वाजली, टॅब जुना, लॅपटॉप वीक. स्क्रीनशॉटवरची नावं दाखवल्यावर आवाज खाली आला. दुसऱ्या दिवशी एक वयस्कर लाइनमन आला. त्याने लिफ्टशेजारच्या डक्टमधला डबा उघडला. फायबर झाकणात चिमटून पार दुमडलं होतं. तो तुकडा कापून नवा जोड मारला, मीटर लावला, उणे 21. टॅबवर व्हिडिओ लगेच सरळ चालला. जाता जाता त्याने आमच्या फ्लॅटची जुनी नोंद त्याच्या फोनवर बघितली. अगदी पहिल्या तक्रारीच्या वेळीच तिथे “पॉवर लो” लिहिलेलं होतं. म्हणजे ऑफिसला सगळं ठाऊक होतं. डक्ट उघडायला माणूस पाठवण्यापेक्षा माझ्या फोनवर आकडा दाखवणं त्यांना सोपं गेलं.

आमच्या मजल्यावर आणखी दोन घरांनी विमान मोडवर टाकून टेस्ट केली. एका घरी लाइन चांगली निघाली, एका घरी आमच्यासारखीच. तिथल्या काकांना महिन्यापूर्वीच बूस्टर विकला होता.

तक्रार नेहमी लेखी करा आणि तिचा क्रमांक मागून घ्या. तोंडी तक्रार “क्लोज” करायला त्यांना एक स्क्रीनशॉट पुरतो. दूरसंचार नियामक ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, आधी कंपनीचं तक्रार केंद्र आणि मग कंपनीचंच अपील प्राधिकरण असा रस्ता आहे. बूस्टरच्या पैशांसाठी आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आहे. बिल त्यांनी कधी दिलंच नाही, म्हणून पैसे मागतानाचे आणि त्यांनी “मिळाले” म्हटलेले व्हॉट्सॲप मेसेज जोडले आहेत. पैसे अजून परत आलेले नाहीत. बूस्टर प्लगमधून काढून, डब्यात घालून, त्यांच्या ऑफिसात जमा करून पोच घेतली आहे.