गुण सरळ मिळवावेत की आधी टक्क्यांत आणावेत?

वर्षभरात चार चाचण्या झाल्या आहेत, एकही दुसरीएवढ्या गुणांची नाही, आणि शेवटी प्रत्येक मुलाचा एकच आकडा द्यायचाय. रस्ते दोन. एक तर मिळालेले सगळे गुण मिळवून एकूण गुणांनी भागायचं, नाहीतर प्रत्येक चाचणीचे गुण आधी शंभरावर आणून मग त्यांची सरासरी काढायची. इंदूरच्या एका कॉलेजात मी वाणिज्य शाखेला संख्याशास्त्र शिकवतो. दोन्ही रस्त्यांनी जाऊन आलोय, एकदा तोंडावर आपटूनसुद्धा.

खरं तर हे दोन रस्ते वाटतात तेवढे वेगळे नाहीत. सरळ बेरीज म्हणजेही टक्क्यांची सरासरीच असते, फक्त तीत प्रत्येक चाचणीचं वजन तिच्या एकूण गुणांवरून आपोआप ठरतं. २० गुणांची चाचणी आणि ८० गुणांचा पेपर मिळवलात की पेपरला चौपट वजन दिलंत. ते मनात ठरवून दिलं असेल तर काहीच बिघडत नाही. अंतर्गत ३० आणि विद्यापीठाची ७० अशी रचना असते तिथे तेच आकडे म्हणजे वजन, तिथे गुपचूप बेरीज करावी. पण माझी चाचणी २० गुणांची का होती? कारण त्या दिवशी तास अर्धाच मिळाला होता. एवढ्या कारणावरून तिचं वजन ठरावं, हे मला पटत नव्हतं. तरी मी काही वर्षं बेरीजच करत राहिलो, कारण पटकन होते आणि मुलांनाही ती बोटांवर ताडून बघता येते. हा तिचा मोठा गुण आहे, आणि तो मी आजही मानतो.

माझं मत फिरवलं ते ‘चारांतल्या उत्तम तीन’ या नियमाने. आजारपण, घरचं लग्न, काही ना काही निघतंच, म्हणून सगळ्यात कमी गुणांची एक चाचणी गाळायची, असं मी वर्गाला सांगून बसलो होतो. चाचण्या होत्या २०, ४०, ५० आणि ८० गुणांच्या. एक्सेलमध्ये बेरीज केली, त्यातून `MIN` वजा केला, १७० ने भागलं आणि यादी लावून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी वही उघडून टेबलापाशी उभी. तिचे गुण होते २० पैकी १८, ४० पैकी २२, ५० पैकी २९ आणि ८० पैकी ४८. ‘सर, माझे अठरा गेले कुठे?’ मी बघितलं, आणि मलाच घाम फुटला. चार आकड्यांत सगळ्यात लहान अठरा, म्हणून तोच गळला होता. म्हणजे तिची ९० टक्क्यांची, सगळ्यात चांगली चाचणी मी ‘सवलत’ म्हणून फेकून दिली होती. नंतर यादी वर-खाली केली, तर ४८ मुलांपैकी मोजकी सोडून सगळ्यांची तीच चाचणी गेलेली. वाचली ती ज्यांना चाळीसच्या पेपरात अगदीच कमी पडले होते त्यांची. सराफ्यातले तोळे आणि सियागंजातले किलो एका रांगेत मांडून सगळ्यात हलकं काय ते विचारण्यासारखं झालं हे.

त्या मुलीचा हिशोब तीन तऱ्हांनी केला. माझ्या चुकीच्या यादीत तिला ९९ भागिले १७०, म्हणजे ५८.२४ टक्के होते. टक्क्यांवरून बघितलं तर गळायला हवी होती ४० ची चाचणी, कारण तिथे तिला ५५ टक्केच आहेत. ती गाळून उरलेल्या गुणांची सरळ बेरीज केली की ९५ भागिले १५०, म्हणजे ६३.३३. आणि ९०, ५८, ६० या टक्क्यांची साधी सरासरी घेतली तर ६९.३३. मुलगी तीच, उत्तरपत्रिका त्याच, आणि आकडा अकरा टक्क्यांनी हलतोय. शिवाय बेरजेच्या पद्धतीत प्रत्येक मुलाची वेगळी चाचणी गळते, म्हणून भाजकही वेगळा होतो. कुणाचा १५०, कुणाचा १४०, कुणाचा ११०. त्या गुंत्यात मला दुसऱ्यांदा शिरायचं नव्हतं.

आता माझ्या आवडत्या पद्धतीचं दुखणंही सांगायला हवं. नुसत्या टक्क्यांची सरासरी घेतली की छोटी चाचणी डोक्यावर बसते. २० मधला एक गुण म्हणजे पाच टक्के, ८० मधला एक गुण म्हणजे सव्वा टक्का. अर्ध्या तासाच्या चाचणीत एक चिन्ह चुकलं, तर मोठ्या पेपरातले चार गुण गेल्यासारखं होतं. म्हणून मी वजन वेगळं ठरवतो. छोट्या चाचणीला १, बाकी तिघींना २. त्या हिशोबाने त्या मुलीचे ९० अधिक ११६ अधिक १२० म्हणजे ३२६, भागिले ५, उत्तर ६५.२. मला हाच आकडा रास्त वाटतो. कुणी छोट्या चाचणीला दीड देईल, त्याच्याशी मी भांडणार नाही.

दुसरी खोच गैरहजेरीची. एक्सेलमध्ये रिकाम्या खान्याला ४० ने भागलं तर उत्तर रिकामं येत नाही, शून्य येतं. ‘उत्तम तीन’मध्ये तो शून्यच गळतो, त्यामुळे पहिली गैरहजेरी पचून जाते आणि चूक दिसतच नाही. मूल रीतसर परवानगीने दोनदा गैरहजर राहिलं की दुसरा शून्य सरासरीत बसतो. म्हणून मी असं लिहितो. दुसऱ्या ओळीत `B` ते `E` मध्ये एकूण गुण आणि `F` ते `I` मध्ये वजनं, मुलांची नावं तिसऱ्या ओळीपासून.

```
F3:  =IF(B3="","",B3/B$2*100)
J3:  =SUMPRODUCT(F3:I3,F$2:I$2)/SUMPRODUCT(--ISNUMBER(F3:I3),F$2:I$2)
```

`F3` चं सूत्र `I` पर्यंत ओढायचं. मग चारही टक्के असतील त्या मुलाचा सगळ्यात कमी टक्क्याचा खाना मी हातानेच पुसतो. ४८ मुलांना पंधरा मिनिटं लागतात. पुसलेल्या खान्याचं वजन भाजकातूनही आपोआप जातं. मधल्या टक्क्यांना पूर्णांकात आणू नये, ते काम शेवटी `J` मध्ये एकदाच.

काही जण म्हणतात, टक्केही पुरेसे नाहीत, अवघड पेपरचे ५० आणि सोप्याचे ५० सारखे कसे, मग वर्गाची सरासरी आणि प्रमाण विचलन घेऊनच गुण बसवा. मुद्दा खोटा नाही, पण तो वेगळ्या आजारावरचा आहे. मी एकदा करून बघितलं. सोप्या छोट्या चाचणीत सगळ्यांना १८, १९ नाहीतर २० पडलेले. प्रमाण विचलन एकाहूनही कमी, त्यामुळे तिथला एक गुण मोठ्या पेपरातल्या चौदा-पंधरा गुणांच्या तोलाचा झाला. शिवाय शेजारच्याने बरं लिहिलं म्हणून तुझे गुण उतरले, हे पोराला समजावताना माझी जीभ अडखळली. वर्ग दोन-तीनशेंचा असेल आणि पेपर वेगवेगळ्या लोकांनी काढले असतील, तर विचार जरूर करावा.

आमच्या विभागातले एक वरिष्ठ सर अजून सरळ बेरीजच करतात. माझा तो किस्सा ऐकून त्यांनी पद्धत बदलली नाही, ‘उत्तम तीन’ची सवलत तेवढी बंद करून टाकली.