साठीला कोणतं पुस्तक आधी उघडावं? 'इकिगाई', 'आउटलिव्ह' आणि 'बीइंग मॉर्टल'

साठी गाठणाऱ्या माणसाला भेट म्हणून हल्ली सर्रास 'इकिगाई' दिलं जातं. मराठीत मिळतं, छोटं आहे, दोन दुपारींत वाचून होतं. एक्तोर गार्सिया आणि फ्रान्सेस्क मिरालेस हे त्याचे लेखक. जपानच्या ओकिनावा बेटावरच्या ओगिमी गावातल्या वृद्धांशी बोलून त्यांनी ते लिहिलं. पोट ऐंशी टक्के भरलं की थांबायचं, रोज थोडा व्यायाम, परसात भाजीपाला, ही त्यातली शिकवण वाचायला गोड आहे. 'सकाळी कशासाठी उठायचं' हे मात्र ज्याचं त्याने शोधायचं, एवढ्यावरच पुस्तक थांबतं. ओगिमीच्या म्हाताऱ्यांना ते शोधावं लागत नाही. बाग, शेजार, गावाची कामं तिथे आधीपासूनच असतात.

मला त्यातलं सगळ्यात कामाचं पान वाटतं ते 'मोआई'चं. ठरावीक माणसं दर महिन्याला ठरलेली रक्कम जमा करतात, एकत्र जेवतात, अडल्यानडल्याला तीच माणसं धावून येतात. म्हणजे आपली भिशीच. नोकरी सुटल्यावर ज्याचं रोजचं बोलणंच बंद होणार आहे, त्याने हे पुस्तक आधी घ्यावं.

पीटर अटिया यांचं 'आउटलिव्ह' (२०२३) इंग्रजीत आहे, जाडजूड आहे आणि रक्ततपासण्यांच्या प्रकरणांत दमवतं. पण दिनक्रम हवा असेल तर तिघांत हेच. त्यांची पद्धत उलटीकडून सुरू होते. आयुष्याच्या शेवटच्या दशकात आपल्याला स्वतःहून काय काय करता आलं पाहिजे, याची आधी यादी करायची. ताकद दर दशकाला घटत जाते, म्हणून त्या कामांसाठी आज त्याहून बरीच जास्त ताकद कमवून ठेवायची.

माझे मोठे दीर यंदा साठीला रेल्वेतून निवृत्त होतायत. नागपूरच्या मनीषनगरला तिसऱ्या मजल्यावर राहतात, मुलगा पुण्यात. त्यांची यादी आम्ही बसून केली: लिफ्ट बंद असताना भाजीची पिशवी घेऊन वर जाणं, मुलाकडे जाताना गाडीत बॅग स्वतः उचलून ठेवणं, नातवंडाशी खेळून एका हाताच्या आधाराने जमिनीवरून उठणं. शेवटचं आजच करून पाहिलं, तर दोन्ही हात आणि सोफ्याची कड लागली. चालणं रोजचं होतंच, तरी ही उणीव कळली नव्हती. चालण्याने दम वाढतो, मांड्यांची ताकद फारशी नाही. त्यामुळे आता आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून हात न लावता उठबस आणि जिना.

उरलेले दिवस चालणं, पण त्यालाही अटियांची कसोटी आहे: बोलता आलं पाहिजे, पण बोलावंसं वाटू नये. असं पाऊण तासाचं सत्र आठवड्यातून चारदा, असं ते सुचवतात. आपल्याकडे मे महिन्यात त्यासाठी उजाडायच्या आत अंबाझरी गाठावी लागते, हे त्या पुस्तकात अर्थातच नाही. गुडघा दुखत असेल किंवा हृदयविकार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा.

तिसरं अतुल गवांदे यांचं 'बीइंग मॉर्टल' (२०१४). हे आपल्या विदर्भाच्या जवळचं आहे. त्यांचे आजोबा सीताराम गवांदे उमरखेडजवळच्या उटीचे, जवळपास एकशे दहा वर्षं जगले. म्हातारपणीही घोड्यावर बसून शेतावर फेरी मारायचे, कारण आजूबाजूला भरलेलं घर होतं. पण गवांदे त्याचे गोडवे गाऊन थांबत नाहीत. अशा व्यवस्थेत तरुणांना आपल्या मनासारखं जगता येत नाही, हेही ते स्पष्ट लिहितात. मुलगा पुण्यात असलेल्या घरात हे वाचायलाच हवं.

वृद्धांच्या एका तज्ज्ञाचा प्रसंग त्यात आहे. रुग्णाच्या बाकी तक्रारी बाजूला ठेवून ते तिची पावलं निरखून पाहतात, कारण मोठा धोका पडण्याचा असतो. तोल जाणं, स्नायू कमजोर असणं आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली चारपेक्षा जास्त औषधं चालू असणं, ही पडण्याची तीन मुख्य कारणं. यातलं एकही नसेल तर वर्षभरात पडण्याची शक्यता बारा टक्के, तिन्ही असतील तर जवळपास शंभर. पुढची प्रकरणं असाध्य आजाराची आणि मृत्यूची आहेत. घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर सध्या हे बाजूला ठेवा.

दिरांना मी 'आउटलिव्ह'ची फक्त व्यायामाची प्रकरणं आधी दिली, कारण भजनी मंडळ आणि मित्र त्यांच्याकडे आहेतच. 'बीइंग मॉर्टल' जाऊबाई आणि ते दोघं मिळून वाचतायत. त्यातून पहिलं काम निघालं ते औषधांचं: रक्तदाबाची, साखरेची, झोपेची, गॅसची, सगळी एका कागदावर लिहायची आणि पुढच्या तपासणीला 'यातलं काय बंद करता येईल?' असं डॉक्टरांना विचारायचं.