फिकट रेघ, सुकल्यानंतरची रेघ आणि कोरी पट्टी: घरच्या गर्भधारणा चाचणीचा निकाल कसा वाचावा

घरी केलेल्या गर्भधारणा चाचणीत दोन ठळक रेघा उमटल्या, तर वाचायला काही अवघड नसते. गोंधळ होतो तो तीन प्रसंगी. पहिल्यात दुसरी रेघ उमटते, पण इतकी फिकट की ती खरी मानावी की नाही हे कळत नाही. दुसऱ्यात ठरलेल्या वेळी पट्टी कोरी असते आणि तासाभराने पाहिल्यावर तिच्यावर अंधूक रेघ दिसते. तिसऱ्यात पाळी चुकलेली असूनही पट्टी कोरीच राहते. या तिन्ही प्रसंगांची कारणे वेगळी आहेत, आणि पुढे काय करायचे तेही वेगळे आहे. पट्टीच्या आत काय घडते हे एकदा नीट समजले, तर त्यांतला फरक बहुतेक वेळा उघड्या डोळ्यांनी ओळखता येतो.

गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागला की त्याच्या बाहेरच्या पेशी एचसीजी नावाचे संप्रेरक तयार करू लागतात. ते आधी रक्तात आणि मग लघवीत उतरते. चाचणीच्या पट्टीवर लघवी टाकली की ती प्रथम रंगीत कणांच्या थरातून जाते. या कणांना एचसीजीला धरून ठेवणारी प्रतिपिंडे जोडलेली असतात. पुढे टी या खुणेपाशी अशाच दुसऱ्या प्रतिपिंडांची एक आडवी पट्टी आधीच चिकटवलेली असते. लघवीत एचसीजी असेल, तर त्याला एका बाजूने रंगीत कण धरतात आणि दुसऱ्या बाजूने टीजवळची प्रतिपिंडे धरतात, म्हणून रंग तिथे अडकून रेघ दिसते. एचसीजी नसेल, तर रंग न थांबता पुढे निघून जातो. सी या खुणेची रेघ एवढेच सांगते की लघवी पट्टीभर नीट वाहिली आणि रंगीत कण शेवटपर्यंत पोहोचले. ती उमटली नाही, तर टीजवळ काहीही दिसले तरी ती चाचणी बाद समजावी. मात्र लघवीत पुरेसे एचसीजी होते की नाही, याविषयी सीची रेघ काहीच सांगत नाही.

या रचनेतूनच खरी फिकट रेघ आणि सुकल्यानंतरची रेघ यांतला मुख्य फरक निघतो. खरी रेघ रंगीत कणांनी बनलेली असते, त्यामुळे ती कितीही फिकट असली तरी तिला सीच्या रेघेचाच रंग असतो: गुलाबी किटात गुलाबी, निळ्या किटात निळा. सुकल्यानंतरच्या रेघेत रंग अडकलेला नसतो. टीजवळ प्रतिपिंडे चिकटवलेल्या जागेची पोत भोवतालच्या कागदापेक्षा थोडी वेगळी असते, आणि लघवी आटू लागली की ती जागा करड्या किंवा रंगहीन सावलीसारखी उठून दिसते. भिजलेला कागद वाळल्यावर त्यावर राहणाऱ्या डागासारखाच हा प्रकार आहे. काही किटांत तर पट्टी ओली असतानाच टीच्या जागी खाचेसारखी बारीक पांढुरकी खूण दिसते, आणि तीही निकाल नव्हे.

रंगानंतर जाडी आणि लांबी पाहावी. खरी रेघ साधारणपणे सीच्या रेघेइतकीच रुंद असते आणि पट्टीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग जाते. सुकल्यानंतरची रेघ अनेकदा केसासारखी बारीक असते किंवा मध्येच तुटते. तरीही या दोन खुणांपेक्षा वेळेची कसोटी मला अधिक भरवशाची वाटते, कारण फिकट छटांच्या बाबतीत डोळा सहज फसतो आणि घड्याळ फसत नाही. बहुतेक किटांच्या माहितीपत्रकात 3 ते 5 मिनिटांनी निकाल पाहावा आणि 10 मिनिटांनंतर पाहू नये असे सांगितलेले असते. आपल्या किटाच्या पत्रकात जी वेळ असेल तीच पाळावी. त्या वेळेत रंगीत, सलग आणि पूर्ण जाडीची रेघ दिसली, तर ती फिकट असूनही चाचणी सकारात्मक आहे. वेळेत पट्टी कोरी होती आणि नंतर रेघ दिसली, तर त्या रेघेवरून हो किंवा नाही यांपैकी काहीच ठरवता येत नाही. अशी स्त्री गरोदर असूही शकते, पण हे त्या पट्टीवरून नव्हे, नव्या पट्टीवरून कळेल. टाकून दिलेली पट्टी पुन्हा उचलून पाहणे, किट फोडून आतला कागद बाहेर काढणे, फोटो काढून त्याचे रंग उलटे करणे किंवा गडद करणे, या सगळ्यांतून एरवी न दिसणारी खाचही रेघ वाटू लागते.

किट निवडताना हाच फरक उपयोगी पडतो. गुलाबी रंगाच्या पट्टीवर करडी सावली आणि खरी गुलाबी छटा वेगळ्या ओळखू येतात. निळ्या रंगाच्या किटात फिकट निळा आणि करडा एकमेकांच्या फार जवळ येतात, शिवाय रंग वाहून जाताना टीजवळ थोडा निळसरपणा रेंगाळू शकतो. म्हणून एका निळ्या किटावर शंकास्पद रेघ आली असेल, तर दुसरी चाचणी गुलाबी किटावर करावी असे मी सुचवेन. पडद्यावर शब्दांत उत्तर देणारे डिजिटल किट रेघ वाचण्याचा प्रश्न मिटवते. पण ते आतल्या रेघेची एक ठरावीक पातळी ओलांडली गेली तरच होकार देते, त्यामुळे अगदी सुरुवातीच्या दिवसांत गुलाबी पट्टीवर फिकट रेघ असताना डिजिटल किटावर नकार येणे शक्य आहे. हे दोन निकाल परस्परविरोधी नसतात. दोन दिवसांनी पुन्हा चाचणी केली की बहुधा उलगडा होतो.

कोरी पट्टी हा तिसरा प्रसंग, आणि माझ्या मते सर्वाधिक चुकीचे निर्णय इथेच होतात, कारण कोऱ्या पट्टीला लोक ठाम नकार समजतात. कोरी पट्टी सांगते ते एवढेच की त्या वेळच्या लघवीत त्या किटाला पकडता येईल इतके एचसीजी नव्हते. अनेक किटांची मर्यादा दर मिलिलिटरला 25 मिली-आंतरराष्ट्रीय एकक इतकी असते, काहींची त्याहून कमी. सुरुवातीच्या आठवड्यांत एचसीजी साधारण दर दोन ते तीन दिवसांनी दुप्पट होते. म्हणून दोन-चार दिवसांची चूकसुद्धा निकाल उलटवू शकते.

एक उदाहरण घेऊ. एका स्त्रीची पाळी एरवी 28 दिवसांनी येते, म्हणजे बीजोत्सर्ग साधारण चौदाव्या दिवशी होतो. या महिन्यात आजारपणामुळे तो विसाव्या दिवशी झाला, आणि तिला ते कळले नाही. बीजोत्सर्गापासून गर्भ रुजण्यास बहुतेक वेळा 8 ते 10 दिवस लागतात. इथे 9 धरू. म्हणजे रुजणे एकोणतिसाव्या दिवशी सुरू झाले. नेमकी त्याच दिवशी पाळी न आल्याने तिने चाचणी केली. पट्टी कोरी आली, आणि ती कोरीच येणार होती, कारण एचसीजी तयार होण्यास तेव्हा कुठे सुरुवात होत होती. समजा तिसाव्या दिवशी तिच्या लघवीत 3 एकके होती. दर दोन दिवसांनी दुप्पट धरले, तर बत्तिसाव्या दिवशी 6, चौतिसाव्या दिवशी 12 आणि छत्तिसाव्या दिवशी 24 होतील. तिच्या हिशेबाने पाळी आठवडाभर लांबली असताना 25 एककांचे किट कुठे फिकट रेघ दाखवण्याच्या बेताला येते. प्रत्यक्षात वाढीचा वेग स्त्रीगणिक बदलतो, त्यामुळे हे आकडे केवळ क्रम समजण्यासाठी आहेत. पण बीजोत्सर्ग लांबला की पाळी चुकण्याची तारीखही तितकीच पुढे सरकते, हे त्यातून दिसते. ज्यांची पाळी अनियमित आहे त्यांनी पाळीच्या तारखेऐवजी संबंधाच्या तारखेपासून मोजावे: शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर 21 दिवसांनी केलेली चाचणीही कोरी आली, तर त्या नकारावर बऱ्यापैकी विश्वास ठेवता येतो.

याच स्त्रीने चौतिसाव्या दिवशी पहाटेची लघवी न वापरता दुपारी भरपूर पाणी पिऊन चाचणी केली असती, तर त्या दिवशीचे थोडेसे एचसीजीही पातळ होऊन आणखी कमी भरले असते. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत रात्रभर साठलेली सकाळची पहिली लघवी घ्यावी, आणि पुढची चाचणी 48 तासांनी त्याच प्रकारच्या किटावर करावी. रोज, किंवा दिवसातून दोनदा चाचणी केल्याने नवे काही कळत नाही, कारण तेवढ्या वेळात एचसीजीची वाढ आणि लघवी दाट-पातळ असण्याचा परिणाम एकमेकांत मिसळून जातात. त्याच कारणाने कालच्या आणि आजच्या रेघेचा गडदपणा शेजारी ठेवून गर्भ नीट वाढतो आहे की नाही हे ठरवू नये. घरचे किट आहे किंवा नाही एवढेच सांगण्यासाठी बनवलेले असते.

उशिराच्या आठवड्यांत एक वेगळाच खोटा नकार क्वचित दिसतो. एचसीजी फार जास्त झाले, तर रंगीत कण आणि टीजवळची प्रतिपिंडे दोन्ही वेगवेगळ्या एचसीजीने भरून जातात, दोघांना जोडणारा दुवा तयार होत नाही आणि रेघ फिकट पडते किंवा उमटतच नाही. पाळी बरेच आठवडे चुकली आहे, मळमळ आणि स्तनांत दुखरेपणा आहे, तरी पट्टी कोरी आहे, अशा वेळी पुन्हा घरी चाचणी करत बसण्यापेक्षा डॉक्टरांकडे जावे.

वंध्यत्वाच्या उपचारात एचसीजीचे इंजेक्शन घेतलेल्यांसाठी वरचे सगळे नियम लागू होत नाहीत. त्यांच्या पट्टीवर वेळेत उमटलेली, रंगीत, सलग रेघही त्या इंजेक्शनची असू शकते, आणि ते शरीरातून जायला साधारण 10 ते 14 दिवस लागतात. त्यांनी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच चाचणी करावी.

वेळेत आलेली खरी फिकट रेघ 48 तासांनीही तशीच राहिली, किंवा पुढच्या चाचणीत नाहीशी झाली, तर बीटा एचसीजी ही रक्ताची चाचणी करून घ्यावी. ती आकडा देते, आणि दोन दिवसांनी पुन्हा केली की तो वाढतो आहे, थांबला आहे की उतरतो आहे हे कळते. रेघ नाहीशी होऊन पाळीसारखा रक्तस्राव झाला, तर बहुधा गर्भ रुजून लगेच थांबलेला असतो; पहिली रेघ खोटी होती असे त्यावरून समजू नये. आकडा वाढतो आहे, पण अपेक्षेपेक्षा हळू, असे दिसले तर गर्भ गर्भनलिकेत अडकल्याची शक्यता तपासावी लागते. फिकट रेघेसोबत पोटाच्या एका बाजूला तीव्र वेदना, खांद्याच्या टोकाशी दुखणे, चक्कर किंवा रक्तस्राव असेल, तर दुसऱ्या पट्टीची किंवा 48 तासांची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालयात जावे.