मोटर, चार कपॅसिटर आणि दोन अ‍ॅमीटर: पॉवर फॅक्टर डेमो पॅनेलचा वर्षभराचा अनुभव

आमच्या पॉलिटेक्निकच्या मशीन लॅबमध्ये हे पॅनेल येऊन वर्ष होत आलं. बऱ्याच ठिकाणी पॉवर फॅक्टरचा प्रयोग ट्यूबलाइटच्या चोकवर आणि पंख्याच्या कपॅसिटरवर उरकला जातो. इथे खरी थ्री-फेज मोटर आहे आणि ती खरोखर लोडवर चालते. तीन बॅचना हाच प्रयोग शिकवल्यावर मी ठामपणे सांगू शकते की विषय समजायला हा फरक फार मोठा आहे. पॅनेलमध्ये दोन उणिवा आहेत. त्यातली एक सुरक्षिततेची आहे, म्हणून ती सविस्तर लिहिते.

आधी काय काय मिळतं ते. ५ एचपीची, म्हणजे ३.७ किलोवॅटची, ४१५ व्होल्ट, १४४० आरपीएमची साधी स्क्विरल केज मोटर, शाफ्टवर ब्रेक ड्रम आणि दोन स्प्रिंग बॅलन्स. डेल्टात जोडलेल्या चार कपॅसिटर स्टेप, प्रत्येकीवर १ केव्हीएआर असं लिहिलेलं. प्रत्येक स्टेपला स्वतंत्र कपॅसिटर-ड्यूटी कॉन्टॅक्टर. मेन कॉन्टॅक्टरनंतर, मोटरकडे जाणाऱ्या लाइनला कपॅसिटर जिथे येऊन मिळतात, त्या जोडाच्या अलीकडे एक अ‍ॅमीटर आणि पलीकडे दुसरा. शिवाय पुरवठ्याच्या बाजूला किलोवॅट, केव्हीए आणि पॉवर फॅक्टर दाखवणारा एक मल्टिफंक्शन मीटर.

पॅनेलचा जीव त्या दोन अ‍ॅमीटरमध्ये आहे. कपॅसिटर लावला की मोटर कमी करंट घेते, असं मुलं धरूनच चालतात. इथे कपॅसिटरची स्टेप टाकली की पुरवठ्याकडचा काटा खाली येतो आणि मोटरकडचा जागचा हलत नाही. मोटरला चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारा रिअ‍ॅक्टिव्ह करंट लागतोच. तो आता लांबून, केबलमधून येण्याऐवजी शेजारच्या कपॅसिटरमधून येतो, एवढंच. एकच अ‍ॅमीटर असलेली पॅनेल बाजारात आहेत. त्यांवर हे दिसत नाही आणि गैरसमज तसाच राहतो.

आता आकडे. ड्रमवर फुल लोड बसवला की मोटर ४.४ किलोवॅट घेते, करंट ७.४७ अ‍ॅम्पिअर, पॉवर फॅक्टर ०.८२. म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह मागणी ३.०७ केव्हीएआर. दोरी ढिली करून लोड निम्मा केला की २.२५ किलोवॅट, ४.७४ अ‍ॅम्पिअर आणि पॉवर फॅक्टर ०.६६, रिअ‍ॅक्टिव्ह मागणी २.५६. ड्रम पूर्ण मोकळा सोडला तर ०.४२ किलोवॅट, ३.२ अ‍ॅम्पिअर, पॉवर फॅक्टर फक्त ०.१८, आणि रिअ‍ॅक्टिव्ह तरीही २.२६. मी मुलांना हे तीन रिअ‍ॅक्टिव्ह आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहायला लावते. किलोवॅट दहापट बदलले, केव्हीएआर मात्र सव्वादोन ते तीन एवढ्यातच फिरले. हलक्या लोडवर पॉवर फॅक्टर का कोसळतो, ते इथे वेगळं समजवावं लागत नाही. आमच्याकडे इचलकरंजीकडून येणारी मुलं आहेत. घरच्या मागावरची मोटर गरजेपेक्षा मोठी बसवलेली असते तेव्हा काय होतं, हे ती यावरून स्वतःच सांगतात.

स्टेप टाकायच्या आधी मी लेबल वाचायला लावते. लेबलवर १ केव्हीएआर आहे, पण ४४० व्होल्टला. कपॅसिटरची केव्हीएआर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे ४१५ व्होल्टला तीच स्टेप ०.८९ केव्हीएआर देते. क्लॅम्प मीटर लावला तर त्या स्टेपच्या तिन्ही वायरींत १.२४ अ‍ॅम्पिअर दिसतात आणि हिशोब जुळतो. पॅनेलसोबत आलेल्या पुस्तिकेत सगळीकडे सरळ १ केव्हीएआर धरलं आहे, म्हणून तिची उत्तरं मीटरशी जुळत नाहीत. ही पहिली उणीव. पुस्तिकेचं ते पान मी बदलून टाकलं.

फुल लोडवर दोन स्टेप टाकल्या की पुरवठ्याकडचा करंट ६.३८ वर येतो आणि पॉवर फॅक्टर ०.९६ होतो. तिसरी टाकली की ६.१५ आणि ०.९९६. चौथी टाकली की ६.१६ आणि ०.९९४. शेवटचे दोन आकडे बघून चौथ्या स्टेपने काहीच फरक पडला नाही असं वाटतं. फरक पडलेला असतो, कारण मीटरवर आता लॅगच्या जागी लीड आलेला असतो. नुसता करंट बघणाऱ्याला हे कळणार नाही. मग चारही स्टेप ठेवून लोड पूर्ण काढायचा. मोकळ्या मोटरला लागतात २.२६ केव्हीएआर आणि आपण देतोय ३.५६. पुरवठ्याकडचा करंट १.९ अ‍ॅम्पिअर होतो आणि पॉवर फॅक्टर ०.३१ लीड. तिसऱ्या स्टेपवर तोच करंट ०.८२ होता, म्हणजे जास्तीचा कपॅसिटर लावून लाइनचा करंट वाढला. ठरावीक कपॅसिटर कायमचा लावून मोकळं व्हायचं, की लोडप्रमाणे स्टेप टाकणारा ऑटोमॅटिक कंट्रोलर घ्यायचा, ही चर्चा इथूनच सुरू होते.

सगळ्या खेळात किलोवॅटचा आकडा जवळपास हलत नाही, हे मी मुद्दाम दाखवते. घरगुती बिल युनिटवर, म्हणजे किलोवॅट-तासावर येतं. प्लगमध्ये खोचायच्या ‘पॉवर सेव्हर’ डब्यांनी ते का कमी होत नाही, हे मुलं या मीटरसमोर उभी राहून ओळखतात. कपॅसिटरचा खरा फायदा केबलमध्ये आहे. करंट ७.४७ वरून ६.१५ झाला की त्या केबलमधली उष्णतेची हानी साधारण तृतीयांशाने कमी होते. आणि ज्या उच्चदाब ग्राहकांना केव्हीए-तासांवर बिल येतं, त्यांच्या बिलात फरक पडतो.

एक व्यावहारिक गोष्ट. ड्रम आणि दोरी तापली की घर्षण बदलतं आणि लोड आपोआप सरकतो. त्यामुळे स्टेप टाकण्याआधीचा आणि नंतरचा किलोवॅट आकडा शेजारी लिहायचा. दोन्हींत फरक असेल तर लोड सरकलेला आहे, ते रीडिंग टाकून द्यायचं. ड्रमला पाणी घालणारा आणि बॅलन्स वाचणारा यांच्याशिवाय कोणी जवळ थांबायचं नाही, आणि या दोघांच्याही बाह्या दुमडलेल्या हव्यात.

आता सुरक्षितता. चालू पॅनेलचं दार उघडावं लागत नाही, ही याची मोठी जमेची बाजू. प्रत्येक फेजची एकेक इन्सुलेटेड वायर पुढच्या बाजूला लूपसारखी बाहेर काढली आहे, क्लॅम्प तिच्याभोवती बसतो. व्होल्टेजसाठी फ्यूज असलेली आणि धातू बोटाला लागणार नाही अशी झाकलेली सॉकेट आहेत. मीटर आम्ही कॅट थ्री, १००० व्होल्टचाच वापरतो, कारण ४१५ व्होल्टच्या लाइनचं शिखर ५८७ व्होल्टपर्यंत जातं आणि बंद झालेल्या कपॅसिटरवर तेवढं व्होल्टेज राहू शकतं.

राहिलेलं व्होल्टेज डीसी असतं, हे मी दर वेळी सांगते. पॅनेल बंद करून एसी रेंजवर मीटर लावला तर तो शून्य दाखवतो, आणि कपॅसिटर भरलेलाच असतो. म्हणून क्रम ठरलेला आहे. मेन बंद, आयसोलेटरला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. आयईसी ६०८३१ प्रमाणे डिस्चार्ज रेझिस्टरने तीन मिनिटांत व्होल्टेज ७५ वर किंवा खाली आणायला हवं. ७५ व्होल्ट मला पुरेसे कमी वाटत नाहीत, आम्ही पाच मिनिटं थांबतो. मग मीटर डीसीवर, आधी ९ व्होल्टच्या बॅटरीवर तपासायचा, मग प्रत्येक स्टेपच्या तिन्ही जोड्या आणि प्रत्येक टोक ते अर्थ, आणि शेवटी पुन्हा बॅटरीवर. शेवटची तपासणी न करता मधले शून्य मानायचे नाहीत, कारण मीटरची लीड मधेच तुटलेली असू शकते.

या क्रमामुळेच दुसरी उणीव सापडली. पावसाळ्यात एकदा दुसऱ्या स्टेपवर पाच मिनिटांनंतरही आर–वाय आणि आर–बी या जोड्यांवर दोनशेच्या वर, जवळजवळ सारखंच डीसी व्होल्टेज होतं. वाय–बी वर शून्य. या आकड्यांतच निदान आहे. वाय आणि बी एकमेकांत डिस्चार्ज झाले, आर टोक तेवढं लटकत राहिलं, म्हणजे आरकडे जाणारी रेझिस्टरची वायर सुटलेली. बाहेरून योग्य रेझिस्टर लावून स्टेप डिस्चार्ज केली, पुन्हा मोजलं आणि मगच हात घातला. टर्मिनलवरचा क्रिंप ढिला होता. पुरवठादाराने दुरुस्ती करून दिली, पण मी आग्रहाने सगळ्याच स्टेपच्या लग्ज बदलून घेतल्या. विकत घेणाऱ्यांनी ही तपासणी पॅनेल ताब्यात घेतानाच करावी. डिस्चार्ज रेझिस्टर सुटला तर चालू प्रयोगात काहीही वेगळं दिसत नाही, सगळे मीटर बरोबर वाचतात.

कपॅसिटरचाच एखादा घटक गेला तर मात्र चालूमध्ये कळतं. डेल्टाची एक बाजू उघडली की दोन वायरींत करंट १.२४ वरून ०.७ च्या आसपास येतो, तिसरीत तसाच राहतो. महिन्यातून एकदा असा क्लॅम्प फिरवला की पुरतं.

दोन इंटरलॉक चांगले आहेत. बंद केलेली स्टेप मिनिटभर परत लागत नाही, कारण भरलेल्या कपॅसिटरवर उलट फेजमध्ये सप्लाय आला तर करंटचा झटका फार मोठा असतो. दुसरा असा की स्टॉप दाबला की आधी सगळ्या स्टेप सुटतात, मग मोटर. हा इंटरलॉक नसता आणि चारही स्टेप मोटरला चिकटून राहिल्या असत्या, तर मेन कॉन्टॅक्टर सुटल्यावरही फिरत राहिलेली मोटर कपॅसिटरच्या जोरावर स्वतःच जनरेटर होऊन टर्मिनलवर व्होल्टेज तयार करू शकली असती. म्हणूनच कारखान्यात मोटरच्या टर्मिनलवर कायमचा कपॅसिटर लावताना तो नो-लोडच्या केव्हीएआरच्या ९० टक्क्यांच्या आत ठेवतात. आमच्या मोटरला हे सुमारे २ केव्हीएआर होतात, म्हणजे दोनच स्टेप. मुलांनी कितीही विनवलं तरी हा इंटरलॉक बायपास करून दाखवायचा नाही, असं मी लॅबच्या वहीत लिहून ठेवलं आहे.

मागच्या महिन्यात एका मुलाने विचारलं, “मॅडम, याच मोटरला व्हीएफडी लावला तर कपॅसिटर कुठे जोडायचे?” व्हीएफडीच्या आउटपुटला कधीच नाही. तिथलं व्होल्टेज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणाऱ्या तुकड्यांचं असतं, कपॅसिटर त्यात प्रचंड करंट ओढेल आणि ड्राइव्ह तरी ट्रिप होईल किंवा जळेल. इनपुटला डायोडचा रेक्टिफायर असतो. तिथे अडचण लॅगपेक्षा हार्मोनिक्सची असते आणि तिच्यावर साधा कपॅसिटर हा उपाय नाही. या पॅनेलवर ते दाखवायची सोय नाही, त्यासाठी वेगळा सेट लागेल.